घातलेलं भांडवल आणि नफ्यातला वाटा: भागीदारीपत्राच्या भाषांतरातला ‘हिस्सा’

भागीदारीपत्राचं मराठी भाषांतर तपासायला आलं की मी आधी त्यात ‘हिस्सा’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजतो. दहा-बारा वेळा आला असेल तर पुढचं काम लांबणार हे पक्कं. हा शब्द वाईट नाही, पण त्याच्या पोटात दोन निराळ्या गोष्टी सुखाने नांदतात. एक म्हणजे भागीदाराने धंद्यात घातलेलं भांडवल आणि दुसरी म्हणजे नफ्यातोट्यात त्याचा असलेला वाटा. वाचताना दोन्ही एकच वाटतात. भागीदार निवृत्त होतो आणि हिशोबाला बसायची वेळ येते, तेव्हा त्या वेगळ्या होत्या हे कळतं.

मूळ घोळ इंग्रजीतच आहे. तिथे ‘शेअर’ हा शब्द नफ्यातल्या वाट्यालाही चालतो आणि संस्थेच्या मालमत्तेत भागीदाराचं जे काही निघतं त्यालाही. ‘कॉन्ट्रिब्यूट’चंही तसंच. भागीदार भांडवल ‘कॉन्ट्रिब्यूट’ करतात आणि तोट्यालाही ‘कॉन्ट्रिब्यूट’ करतात. म्हणून मग मराठीत ‘भागीदार तोट्यात समान योगदान देतील’ असं वाक्य अवतरतं. जणू तोटा हे एखादं सत्कार्य आहे आणि सगळे त्यासाठी वर्गणी काढताहेत!

भांडवल ही रक्कम असते. ती भागीदार सुरुवातीला किंवा मध्ये केव्हातरी आणतो आणि ती त्याच्या भांडवल खात्यात जमा होते. नफ्यातला वाटा ही रक्कम नव्हे, ते प्रमाण असतं, 2:1:2 सारखं. दरवर्षी हिशोब झाला की जो आकडा येईल त्याला ते लावायचं. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर भागीदार नफा समान वाटून घेतात आणि तोटाही समान सोसतात. भांडवल कोणी किती घातलं हे त्यात पाहिलं जात नाही. आपल्याला मात्र मनातून वाटत असतं की ज्याचा पैसा जास्त त्याचा नफा जास्त. त्यामुळे मूळ मसुद्यात नफ्याच्या प्रमाणाचा उल्लेख राहून गेला असेल तर काही भाषांतरकार ‘भांडवलाच्या प्रमाणात’ असे दोन शब्द मदत म्हणून घालून टाकतात. तो मदतीचा हात भागीदारांना महागात पडतो, कारण मूळ कागद गप्प असताना कायदा ‘समान’ म्हणतो आणि मराठी कागद भलतंच सांगू लागतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. अ, ब आणि क असे तीन भागीदार आहेत. अ ने 6,00,000 रुपये घातले, ब ने 3,00,000 आणि क ने 1,00,000. एकूण भांडवल 10,00,000. क च्या हातात पैसा कमी, पण काम तोच पाहणार. म्हणून नफ्यातोट्याचं प्रमाण 2:1:2 ठरलं. म्हणजे अ ला 40 टक्के, ब ला 20 आणि क ला 40. अशी रचना अजिबात दुर्मीळ नाही. एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे हुन्नर असतो, म्हणून तर भागीदारी होते.

काही वर्षांनी क निवृत्त होतो. दरवर्षीचा नफा बहुतेक वाटला गेला आहे, त्यामुळे भांडवल खात्यांत मूळ रकमाच आहेत असं धरू. शिवाय न वाटलेला राखीव निधी 2,00,000 आहे. मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून 3,00,000 वाढ निघाली. ख्यातीचं, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाचं, मूल्य 5,00,000 ठरलं, पूर्वी ती हिशोबाच्या पुस्तकात दाखवलेली नव्हती. म्हणजे भांडवलाच्या वर आणखी 10,00,000 आहेत आणि सगळं मिळून 20,00,000.

मूळ करार असा: निवृत्त भागीदाराला त्याच्या भांडवल खात्यातली शिल्लक मिळेल. राखीव निधी, पुनर्मूल्यांकनाचा नफा आणि ख्याती यांत त्याला नफा-तोटा वाटणीच्या प्रमाणात रक्कम मिळेल. तेव्हा क ला स्वतःचे 1,00,000 आणि वरच्या 10,00,000 चे 40 टक्के म्हणजे 4,00,000, असे 5,00,000 मिळायला हवेत.

आता भाषांतरातलं वाक्य बघा: ‘निवृत्त होणाऱ्या भागीदारास संस्थेतील त्याच्या हिश्श्याप्रमाणे रक्कम अदा केली जाईल.’ वाचायला सुबक आहे. पण अ म्हणेल, हिस्सा म्हणजे भांडवलाचा हिस्सा. क चा हिस्सा दहावा, म्हणून 20,00,000 पैकी 2,00,000 घे. क म्हणेल, माझा हिस्सा 40 टक्के असं याच करारात तीन कलमं वर लिहिलंय, तेव्हा 8,00,000 द्या. दोघेही मराठी चुकीचं वाचत नाहीयेत. एका शब्दातून दोन, पाच आणि आठ लाख अशी तीन उत्तरं निघतात आणि बरोबर उत्तर नेमकं मधलं आहे, जे वाक्यात कुठेच दिसत नाही. ते दिसत नाही कारण ते दोन तुकड्यांचं आहे. पहिला तुकडा भांडवलाचा, दुसरा प्रमाणाचा. ‘हिस्सा’ने दोन्ही एका गाठोड्यात बांधले.

यावर उपाय म्हणून ‘वाटा’, ‘अंश’, ‘भाग’ असे समानार्थी शब्द आलटून पालटून वापरणारे मला भेटले आहेत. त्याने घोळ वाढतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं शब्द बदलला म्हणजे अर्थही बदलला असणार. माझा स्वतःचा अनुभव असा की मराठीत नामं फसवतात, क्रियापदं फसवत नाहीत. भांडवल आपण ‘घालतो’, ‘भरतो’ किंवा ‘आणतो’. नफा ‘वाटून घेतो’. तोटा ‘सोसतो’. निवृत्त होणाऱ्याची रक्कम ‘चुकती करतो’. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. ‘भांडवल सोसले’ असं कुणी म्हणणार नाही. म्हणून ‘भागीदारांचे योगदान व हिस्सा अनुक्रमे खालीलप्रमाणे राहील’ हे वाक्य मोडून दोन वाक्यं करायची: ‘प्रत्येक भागीदार पुढे दिलेली रक्कम भांडवल म्हणून भरील.’ आणि ‘भागीदार नफा पुढील प्रमाणात वाटून घेतील व तोटाही त्याच प्रमाणात सोसतील.’ दुसऱ्या वाक्यातलं ‘त्याच प्रमाणात’ अर्थात मुळात असेल तरच लिहायचं. आणि निवृत्तीच्या कलमात ‘हिस्सा’ न लिहिता ‘निवृत्त होणाऱ्या भागीदारास देय रक्कम’ असं लिहून ती कशाकशाची बेरीज आहे ते तुकड्यांनी मांडायचं.

त्या पहिल्या तुकड्यातही एक खाच आहे. ‘घातलेलं भांडवल’ आणि ‘भांडवल खात्यातली शिल्लक’ एक नव्हेत. वरच्या उदाहरणात मी सोयीसाठी त्या सारख्या धरल्या. प्रत्यक्षात उचल, न उचललेला नफा, भांडवलावरचं व्याज असं पुष्कळ काही त्या खात्यात येतं-जातं. मुळात ‘शिल्लक’ असेल आणि भाषांतरात ‘त्याने गुंतवलेले भांडवल परत केले जाईल’ असं आलं, तर वर्षानुवर्षं खात्यात साठलेलं त्या वाक्यातून गळून पडतं. व्याजाच्या कलमात ‘च’ची जागा सांभाळा. भांडवलावर व्याज ठरलेलं असलं तरी ते नफ्यातूनच द्यायचं असं कलम 13 सांगतं, म्हणजे तोट्याच्या वर्षी ते मिळत नाही. ‘नफ्यातून व्याजच दिले जाईल’ असं मी एकदा छापील कागदावर पाहिलं आहे. त्याचा अर्थ होतो की व्याज देऊन झालं की नफा वाटायचाच नाही.

निवृत्तीनंतर हाच शब्द पुन्हा एकदा गाठतो. क निवृत्त झाला पण त्याचा हिशोब चुकता न करता अ आणि ब ने त्याच पैशावर धंदा चालू ठेवला, तर कलम 37 क ला निवड देतं. वेगळा करार नसेल तर त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेला नफा त्याने मागावा किंवा संस्थेच्या मालमत्तेतल्या त्याच्या वाट्यावर सालाना 6 टक्के व्याज घ्यावं. इथला ‘वाटा’ म्हणजे ते 5,00,000, म्हणून वर्षाला 30,000 रुपये. मूळ भांडवलावर धरलं तर हेच 6,000 होतील. करारात या कलमाचा मजकूर उतरवलेला असेल तर ‘त्यास देय असलेल्या, परंतु चुकत्या न केलेल्या रकमेवर’ असं म्हटलेलं बरं.

‘निवृत्ती’ या शब्दाबद्दल थोडंसं. ‘सेवानिवृत्ती’ लिहू नका, भागीदार कुणाच्या नोकरीत नसतो. आणि ‘निवृत्त होणे’च्या जागी ‘भागीदारी संपुष्टात आणणे’ चुकूनही नको. मुदत न ठरवलेल्या, स्वेच्छेच्या भागीदारीत भागीदाराला दोन्ही लेखी नोटिसा देता येतात. कलम 32 ची नोटीस दिली तर तो एकटा बाहेर पडतो. कलम 43 ची दिली तर संस्थेचं विसर्जन होतं. एका शब्दाने चालता धंदा बंद करण्याचं पुण्य भाषांतरकाराने घेऊ नये.

भाषांतर बरोबर झालंय का हे पाहायची माझी रीत साधी आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या, पण हिशोब कळणाऱ्या माणसाला फक्त मराठी प्रत आणि वरच्यासारखे आकडे द्यायचे आणि क ला किती मिळतील ते काढायला सांगायचं. 5,00,000 आले तर कलम पास. ‘कोणता हिस्सा धरू?’ असं त्याने विचारलं तर वाक्य परत लिहायला घ्यायचं. आणखी एक आकडा तोट्याचाही द्यावा. 2,00,000 तोटा झाला तर क च्या वाट्याला 80,000 यायला हवेत. 20,000 आले तर कुठेतरी भांडवलाचं प्रमाण घुसलंय.

कधीकधी मूळ इंग्रजी कलमच संदिग्ध निघतं. तिथेही नुसतं ‘त्याचा शेअर’ एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी दोन, पाच की आठ हे ठरवण्याचा अधिकार भाषांतरकाराचा नाही. मी त्या वाक्यापाशी खूण करतो, तिन्ही आकडे शेजारी लिहितो आणि कागद भागीदारांकडे परत पाठवतो. एकदा सह्या व्हायच्या आदल्या दिवशी असा कागद परत गेला. तिघांनी तिघांच्या मनातला आकडा सांगितला आणि तो प्रत्येकाचा वेगळा होता. सही तीन आठवडे पुढे गेली. माझं बिल थकलं ते निराळंच.