दुप्पट म्हणजे दरवर्षी २० टक्के? अजिबात नाही

“पाच वर्षांत विक्री दुप्पट झाली, म्हणजे १०० भागिले ५, दरवर्षी २० टक्के वाढ ना?”

नाही हो. वाढीवरपण वाढ होते ना. पंचवटीतलं आमच्या मामाचं चिवड्याचं दुकान घ्या, २०१९-२० ला विक्री १० लाख, २०२४-२५ ला २० लाख. दरवर्षी खरंच २० टक्के वाढली असती तर १० चे १२, १२ चे १४.४, असं करत शेवटी जवळपास २४.९ लाख झाले असते. खरा दर एक्सेलमध्ये असा निघतो:

```
=(20/10)^(1/5)-1
```

उत्तर साधारण १४.९ टक्के. इथे आकडे सहा वर्षांचे असले तरी मधली अंतरं पाचच, ५ च्या जागी ६ टाकलं की दर सव्वाबारावर येतो, आणि ही चूक भलेभले करतात.

पण खरी गंमत पुढे आहे. कोरोनात गोदाघाटावर भाविकच नव्हते, २०२०-२१ ला विक्री ४ लाखांवर आली. आता सुरुवात तिथून धरा: ४ चे २० लाख, चार वर्षांत, म्हणजे दर थेट ४९.५ टक्के! दुकान तेच, गल्ला तोच. सूत्राला फक्त पहिला आणि शेवटचा आकडा दिसतो, मधली पडझड दिसतच नाही, म्हणून कोणी मोठा दर सांगितला की आधी विचारा, सुरुवात कुठल्या वर्षापासून धरली आणि त्याच्या आदल्या वर्षी किती होते.

आणि गुंतवणुकीत दर महिन्याला पैसे टाकत असाल तर हे सूत्र लावूच नका, स्वतः भरलेली रक्कमही वाढ म्हणून मोजली जाते. तिथे तारखांसकट एक्सेलचं XIRR हे फंक्शन लावायचं, ते प्रत्येक रक्कम कधी भरली ते धरून वार्षिक दर काढतं.