दोन अवाढव्य वर्तुळे आणि एक बारीक चंद्रकोर

जळगावला पदवीच्या शेवटच्या वर्षाला संमिश्र विश्लेषण शिकवताना लिउव्हिलच्या प्रमेयापाशी आलो की एक प्रश्न हमखास येतो. प्रमेय असे: संपूर्ण संमिश्र प्रतलावर वैश्लेषिक असलेले फलन जर मर्यादित असेल, म्हणजे त्याच्या किमतीचा मापांक एका ठरावीक संख्येपलीकडे कधीच जात नसेल, तर ते फलन स्थिर असते, प्रतलाच्या प्रत्येक बिंदूवर त्याची किंमत एकच असते. फळ्यावर हे लिहून होते न होते तोच कोणीतरी विचारते, “सर, पण sin x तर कायम −1 आणि 1 यांच्या मधेच राहते. मग ते स्थिर का नाही?”

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण प्रमेयातील “संपूर्ण प्रतलावर” या दोन शब्दांचे वजन त्याच्यामुळेच कळते. वास्तव संख्यांच्या रेषेवर sin x खरोखरच मर्यादित आहे. मात्र ती रेषा सोडून काल्पनिक अक्षावर वर चढू लागलो की चित्र पालटते. तेथे z = 10i हा बिंदू घेतला, तर sin z च्या किमतीचा मापांक ११,०१३ च्याही थोडा पुढे जातो, आणि आणखी वर गेल्यास तो घातांकी वेगाने वाढतो. रेषेवर शांत दिसणारे फलन प्रतलावर मर्यादित नाही, म्हणून प्रमेयाला बाधा येत नाही. तरीही खरा प्रश्न उरतोच: कोणतेही फलन या वाढीतून सुटू का शकत नाही?

याचे मूळ “वैश्लेषिक” या शब्दात आहे. वास्तव रेषेवर एखाद्या बिंदूकडे फक्त डावीकडून आणि उजवीकडून जाता येते. प्रतलावर मात्र अगणित दिशांनी जाता येते, आणि फलन वैश्लेषिक असायचे तर या सर्व दिशांनी काढलेला अवकलज एकच यावा लागतो. ही अट वाचायला साधी वाटली तरी अतिशय कडक आहे. तिच्यातून निष्पन्न होणारी एकच गोष्ट आपल्याला पुरेशी आहे: वैश्लेषिक फलनाची वर्तुळाच्या केंद्रातील किंमत ही त्याच्या परिघावरील सर्व किमतींची सरासरी असते.

हे एका उदाहरणात पडताळून पाहू. फलन f(z) = z² घेऊ, केंद्र 3 आणि त्रिज्या 4. परिघावरचे चार समान अंतरावरील बिंदू 7, −1, 3+4i आणि 3−4i हे आहेत. त्यांचे वर्ग अनुक्रमे 49, 1, −7+24i आणि −7−24i असे येतात. त्यांची बेरीज 36 आणि सरासरी 9, म्हणजे नेमका केंद्राचा वर्ग. त्रिज्या 4 ऐवजी 400 घेतली तर परिघावरच्या किमती प्रचंड होतात, पण एकमेकींना अशा काटतात की सरासरी पुन्हा 9 च येते.

असे का घडते, हेही फार दूर नाही. केंद्र c असेल तर वैश्लेषिक फलन (z−c) च्या घातांची श्रेढी म्हणून मांडता येते: आधी एक स्थिर पद, जे f(c) एवढे असते, मग (z−c) चे पद, मग (z−c)² चे, आणि असेच पुढे. आता z ने परिघावर एक फेरी पूर्ण केली की (z−c)² हे पद शून्याभोवती दोन फेऱ्या घालते, (z−c)³ तीन फेऱ्या घालते. शून्याभोवती समगतीने पूर्ण फेऱ्या घालणाऱ्या कोणत्याही बिंदूची सरासरी शून्य असते, कारण प्रत्येक स्थानाला समोरासमोरचे स्थान काटते. म्हणून सरासरी घेताना सगळी पदे गळून पडतात आणि केवळ f(c) उरतो. येथे एक गोष्ट मी उसनी घेतो आहे, ती उघड सांगायला हवी: अवकलज सर्वत्र असल्यास अशी श्रेढी मिळते आणि ती संपूर्ण प्रतलावर अभिसारी असते, हे कोशी यांच्या सिद्धांतातून येते आणि त्याची सिद्धता या लेखात बसणारी नाही.

परिघावरून भरीव वर्तुळाकडे जाणे सोपे आहे. भरीव वर्तुळ म्हणजे एकाच केंद्राभोवतीच्या असंख्य बारीक कड्या. प्रत्येक कडीवरील सरासरी f(c) असेल तर संपूर्ण क्षेत्रफळावर घेतलेली सरासरीही f(c) च असणार.

या प्रमेयाची पाठ्यपुस्तकी सिद्धता कोशी यांच्या अंदाजांनी होते, आणि छापील स्वरूपात ते प्रथम मांडले कोशी यांनीच, १८४४ मध्ये. लिउव्हिल यांनी ते १८४७ च्या आपल्या व्याख्यानांत वापरले आणि नाव त्यांचे पडले. मला मात्र वर्गात वेगळी वाट अधिक आवडते. अमेरिकी गणिती एडवर्ड नेल्सन यांनी १९६१ मध्ये सरासरीचा हाच गुणधर्म पाळणाऱ्या वास्तव फलनांसाठी एका परिच्छेदाची सिद्धता प्रसिद्ध केली, आणि त्या परिच्छेदात एकही गणिती चिन्ह नाही. तीच कल्पना येथे चालते, आणि आमच्या तापीकाठच्या सपाट मुलखात ती समजावणे फार सोपे जाते.

प्रतलावर दोन बिंदू घ्या. एकाला जळगाव म्हणू, दुसऱ्याला भुसावळ, आणि दोहोंतील अंतर २५ किलोमीटर मानू. जमीन चारही दिशांना अमर्याद सपाट पसरली आहे असे समजू; पृथ्वीची गोलाई येथे विचारात नाही. फलनाच्या किमतीचा मापांक कोठेही 1 पेक्षा अधिक नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. जळगाव आणि भुसावळ येथील त्याच्या किमती समान आहेत, हे दाखवायचे आहे.

जळगाव केंद्र धरून १,००० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा; दिल्ली आणि हैदराबाद दोन्ही त्याच्या आत येतील. भुसावळ केंद्र धरून तेवढ्याच त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढा. ही दोन वर्तुळे जवळजवळ एकमेकांवरच बसतात. पहिल्याचा जो भाग दुसऱ्यात येत नाही, तो पश्चिमेकडची एक बारीक चंद्रकोर असतो. दुसऱ्याचा जो भाग पहिल्यात येत नाही, तो पूर्वेकडची तशीच दुसरी चंद्रकोर.

आता जळगावची किंमत ही पहिल्या वर्तुळावरील सरासरी आहे आणि भुसावळची किंमत दुसऱ्या वर्तुळावरील. दोन्ही वर्तुळांचे क्षेत्रफळ सारखेच असल्याने वजाबाकी करताना मधला सामाईक भाग पूर्णपणे निघून जातो, कारण तेथे फलनाने काहीही केले असले तरी ते दोन्ही सरासरींमध्ये सारखेच मोजले गेले आहे. फरक पडू शकतो तो केवळ दोन चंद्रकोरींमुळे. या ठिकाणी थोडे थांबावे, कारण सिद्धतेचा सारा जीव या एका वजाबाकीत आहे.

चंद्रकोरीचे क्षेत्रफळ किती? दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेला समांतर अशी कोणतीही रेषा घेतली, तर चंद्रकोरीतून जाणारा तिचा तुकडा २५ किलोमीटरपेक्षा लांब नसतो, आणि चंद्रकोरीची उंची व्यासाएवढी, म्हणजे २,००० किलोमीटर असते. त्यामुळे एका चंद्रकोरीचे क्षेत्रफळ ५०,००० चौरस किलोमीटरहून अधिक नाही, दोन्हींचे मिळून एक लाखाहून अधिक नाही. संपूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ३१.४ लाख चौरस किलोमीटर आहे. फलनाचा मापांक चंद्रकोरींतही 1 च्या आतच असल्याने दोन्ही किमतींतील फरक फार तर १ भागिले ३१.४, म्हणजे सुमारे ०.०३२ असू शकतो.

हीच गोष्ट कोणत्याही त्रिज्येसाठी लिहू. बिंदूंतील अंतर d, त्रिज्या R आणि फलनाच्या मापांकाची मर्यादा M असेल, तर फरक 4dM/(πR) पेक्षा जास्त नसतो. त्रिज्या एक लाख किलोमीटर केली की वरची सीमा ०.०००३२ वर येते. विद्यार्थी येथे बहुधा असे लिहितात की “R वाढला की फरक कमी होत जातो”, आणि ते चूक आहे. जळगाव आणि भुसावळ येथील किमतींतील फरक ही एक ठरलेली संख्या आहे. तिच्यात R कोठेही नाही. बदलते ती केवळ आपली सीमा. ठरलेली एक संख्या प्रत्येक धन संख्येहून लहान ठरते, म्हणून ती शून्यच असली पाहिजे. दोन बिंदू कोणतेही घेतले असते तरी हाच युक्तिवाद लागू झाला असता, त्यामुळे फलन स्थिर आहे.

प्रत्येक अट कोठे लागली, हे ती काढून टाकल्यावरच नीट दिसते. 1/(1+|z|²) हे फलन संपूर्ण प्रतलावर मर्यादित आहे, गुळगुळीत आहे आणि स्थिर नाही. पण ते वैश्लेषिक नाही आणि सरासरीचा गुणधर्म पाळत नाही: शून्यापाशी त्याची किंमत 1 आहे, तर शून्याभोवतीच्या त्रिज्या 3 च्या परिघावर सर्वत्र 1/10. दुसरे उदाहरण e^z चे. काल्पनिक अक्षाच्या डावीकडच्या अर्ध्या प्रतलावर ते वैश्लेषिकही आहे आणि त्याचा मापांक 1 च्या आतही आहे, तरी ते स्थिर नाही. येथे अडचण त्रिज्येची आहे. वर्तुळ वाढवत नेले की ते अक्ष ओलांडून उजवीकडे जाते, जेथे मर्यादा उरत नाही. म्हणून R एका ठिकाणी अडकतो आणि सीमा शून्याकडे जाऊ शकत नाही.

याच सूत्रातून आणखी थोडे मिळते, आणि ते मला मूळ प्रमेयाइतकेच आवडते. M स्थिर असण्याची खरे तर गरजच नाही. केंद्रापासून R अंतरापर्यंत फलनाचा मापांक √R च्या वेगाने वाढत असला, तरी 4dM/(πR) मध्ये अंशापेक्षा छेद वेगाने वाढतो आणि सीमा शून्याकडेच जाते. म्हणजे इतक्या संथपणे वाढणारे फलनही स्थिरच निघते. R च्या वेगाने वाढणारे फलन मात्र खरोखर आहे: f(z) = z. जळगावला शून्य मानले आणि भुसावळला 25, तर दोन्ही वर्तुळांत मापांक R+25 च्या आत राहतो, आणि R वाढत गेला की सीमा शून्याकडे न जाता 100/π, म्हणजे सुमारे ३१.८ वर येऊन थांबते. खरा फरक २५ आहे, आणि तो त्या सीमेच्या आत बसतो.