आयुर्विम्यातील सवलत मुदत, लॅप्स आणि पुनरुज्जीवन

आयुर्विम्याचा हप्ता देय तारखेला भरला नाही, तरी पॉलिसी त्याच दिवशी बंद पडत नाही. हप्ता भरण्यासाठी आणखी काही दिवस मिळतात. त्या दिवसांना सवलत मुदत म्हणतात. एजंटांच्या बोलण्यात ती नुसती ‘ग्रेस’ असते. या मुदतीतही हप्ता आला नाही, तर ती संपल्यावर पॉलिसी लॅप्स होते. लॅप्स झालेली पॉलिसी थकबाकी भरून पुन्हा चालू करून घेता येते, याला पुनरुज्जीवन किंवा रिव्हायवल म्हणतात आणि त्यालाही ठरावीक कालमर्यादा असते. पॉलिसीधारकाचा गोंधळ होतो तो मुख्यतः एका कारणाने : सवलतीचे दिवस आणि पुनरुज्जीवनाची वर्षे या दोन्हींची मोजणी न भरलेल्या पहिल्या हप्त्याच्या देय तारखेपासून होते, लॅप्सच्या तारखेपासून नाही. न भरलेल्या पहिल्या हप्त्याच्या या देय तारखेला कार्यालयीन भाषेत एफयूपी असे म्हणतात.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार हप्ता मासिक असेल तर सवलत मुदत १५ दिवसांची, आणि त्रैमासिक, सहामाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवसांची असते. या काळात दंड किंवा विलंबशुल्क लागत नाही आणि विमासंरक्षण पूर्णपणे चालू राहते. विमाधारकाचा मृत्यू सवलत मुदतीत झाला, तर पूर्ण विमारक्कम देय असते, मात्र थकलेला हप्ता तीतून वजा होतो. काही पॉलिसींत चालू विमावर्षाचे उरलेले हप्तेही वजा करतात.

दिवस मोजताना देय तारीख धरायची नाही; तिचा दुसरा दिवस हा पहिला दिवस. उदाहरणार्थ, १० जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली, वीस वर्षे मुदतीची, आठ लाख रुपये विमारकमेची सहामाही हप्त्याची पॉलिसी घेऊ. तिच्या देय तारखा दरवर्षी १० जानेवारी आणि १० जुलै. जानेवारी २०२४ पर्यंतचे नऊ हप्ते भरले गेले आणि जुलै २०२४ चा राहिला, म्हणजे एफयूपी १० जुलै २०२४. मोजणी ११ जुलैपासून सुरू होते. जुलै अखेरपर्यंत एकवीस दिवस होतात, उरलेले नऊ दिवस ऑगस्टमधले, म्हणून सवलतीचा शेवटचा दिवस ९ ऑगस्ट. १० ऑगस्टपासून पॉलिसी लॅप्स. ‘एक महिना सवलत आहे’ असे मनात धरून १० ऑगस्टला पैसे भरायला निघालेला माणूस एका दिवसाने चुकतो, आणि एकतीस दिवसांच्या महिन्यात अशी चूक हमखास होते.

फेब्रुवारीत प्रकार उलटा होतो. ३१ जानेवारी २०२५ या देय तारखेचे तीस दिवस २ मार्चला संपतात, तर महिना मोजला असता २८ फेब्रुवारी हीच अखेर ठरली असती. जुन्या पॉलिसींच्या अटींत ‘एक महिना, परंतु तीस दिवसांपेक्षा कमी नाही’ असे शब्द आढळतात ते यासाठीच. पॉलिसीच्या कागदावर जे शब्द असतील ते पाळावेत. ‘महिना’ आणि ‘तीस दिवस’ हे एकच नव्हे. मासिक हप्त्यातही तारीख दरमहा एकसारखी येत नाही : २० जूनच्या हप्त्याची मुदत ५ जुलैला संपते, तर २० जुलैच्या हप्त्याची ४ ऑगस्टला. मासिक हप्ते बहुधा बँकेतून परस्पर कापले जातात, त्यामुळे खात्यात पैसे नसल्याने कपात फसली तर पंधरा दिवस अनेकांच्या ध्यानात येण्याआधीच उलटून जातात. बँकेकडे सूचना गेली म्हणजे हप्ता भरला गेला, असे होत नाही.

आपल्या उदाहरणातील विमाधारकाचा मृत्यू ५ ऑगस्टला झाला, तर वारसाला आठ लाख रुपयांतून जुलैचा थकलेला हप्ता वजा जाता रक्कम मिळेल. मृत्यू १२ ऑगस्टला झाला, तर तसे होत नाही. पहिल्या दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असल्याने पॉलिसी शून्य ठरत नाही, ती ‘पेड-अप’ होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेची राहते. एकूण चाळीस हप्त्यांपैकी नऊ भरले, म्हणून आठ लाखांचा नऊ-चाळिसांश भाग, १,८०,००० रुपये; त्यात आधी जमा झालेला बोनस असल्यास मिळवावा. सात दिवसांत सुमारे सहा लाखांचा फरक पडला. काही जुन्या योजनांत ठरावीक वर्षांचे हप्ते भरलेल्यांना लॅप्सनंतरही काही महिने पूर्ण रकमेची सवलत दिलेली असते. ती आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे दस्तऐवजातच पाहावे लागते. शुद्ध मुदत विम्यात पेड-अपही नसते. लॅप्स म्हणजे संरक्षण संपले.

पुनरुज्जीवनाची मुदत २०१९ च्या नियमांनी पारंपरिक पॉलिसींसाठी सलग पाच वर्षे आणि युलिपसाठी, म्हणजे बाजारातील गुंतवणुकीशी जोडलेल्या पॉलिसींसाठी, तीन वर्षे ठरवली. त्यापूर्वी ती दोन वर्षे होती. उदाहरणातील पाच वर्षे १० जुलै २०२४ पासून मोजायची, १० ऑगस्टपासून नव्हे, त्यामुळे अखेरची सुरक्षित तारीख ९ जुलै २०२९ धरावी. अनेकजण शेवटी चुकलेल्या हप्त्यापासून मोजतात, तेही चूक आहे, कारण पहिल्या चुकलेल्या हप्त्याने जी तारीख ठरते, ती नंतरच्या थकबाकीने पुढे सरकत नाही.

समजा, १ मार्च २०२६ रोजी पुनरुज्जीवन झाले. तोवर जुलै २०२४, जानेवारी आणि जुलै २०२५ आणि जानेवारी २०२६ असे चार हप्ते थकलेले असतील, ते व्याजासह एकरकमी भरावे लागतात. सोबत प्रकृतीविषयीचे निवेदन, आणि वय व रक्कम पाहून वैद्यकीय तपासणीही मागितली जाते. खंड थोड्याच महिन्यांचा असेल तर ही अट बहुधा सौम्य असते. पैसे भरल्याच्या पावतीने मात्र पॉलिसी जिवंत होत नाही. कंपनीने मान्यता देऊन तसे कळवल्यावरच पुनरुज्जीवन लागू होते, तोवर ती रक्कम नुसती अनामत म्हणून पडून राहते, आणि प्रकृतीच्या कारणावरून कंपनी नकार देऊ शकते. म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज करणे धोक्याचे आहे.

पुनरुज्जीवनाने आणखी एक घड्याळ नव्याने सुरू होते, आणि त्याकडे एजंटही क्वचितच लक्ष वेधतात. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसीवर चुकीच्या माहितीच्या कारणाने तीन वर्षांनंतर शंका घेता येत नाही, पण ती तीन वर्षे पॉलिसी देणे, जोखीम सुरू होणे, पुनरुज्जीवन किंवा जोडलेले पूरक संरक्षण यांपैकी जे उशिरा घडले असेल त्यापासून मोजतात. आपल्या उदाहरणात २०२३ मध्येच तीन वर्षे पुरी झालेली होती. १ मार्च २०२६ च्या पुनरुज्जीवनाने ती मोजणी पुन्हा मागे गेली आणि २०२९ च्या मार्चपर्यंत पॉलिसी पुन्हा तपासणीच्या टप्प्यात आली. आत्महत्येसंबंधीची बारा महिन्यांची अटही अशीच पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा लागू होते. त्यामुळे पुनरुज्जीवनाच्या अर्जासोबतच्या निवेदनात आजाराविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द मूळ प्रस्तावाइतकाच महत्त्वाचा असतो.