टोकं शून्यावर आणि टोकं ठरावीक तापमानावर: एकाच सळईचे दोन प्रश्न

तांब्याची ५० सेंटिमीटर लांब सळई घ्या. अंगावरून उष्णता निसटू नये म्हणून तिला जाड आवरण गुंडाळलं आहे आणि ती सगळीकडे ३०° वर आहे, म्हणजे ठाण्यातल्या एखाद्या खोलीत पडून राहिलेली सळई असेल तशी. आता पहिला प्रश्न: तिची दोन्ही टोकं बर्फाच्या पाण्यात धरली, तर आतलं तापमान कसं बदलेल? दुसरा प्रश्न: डावं टोक बर्फाच्या पाण्यात, पण उजवं उकळत्या पाण्यात धरलं, तर?

दोन्हीकडे टोकांचं तापमान ठरलेलं आहे, समीकरण एकच आहे आणि दोन्हीकडे साइन मालिकाच येते. त्यामुळे नौपाड्यात माझ्याकडे शिकायला येणारी सेकंड इयर इंजिनिअरिंगची मुलं दुसरा प्रश्नही पहिल्याच रीतीने सोडवायला घेतात. तिथेच घोळ होतो.

आधी पहिला प्रश्न. समीकरण असं:

```
u_t = α u_xx,   0 < x < L
```

इथे u म्हणजे डाव्या टोकापासून x अंतरावर t वेळेला असलेलं तापमान, L म्हणजे सळईची लांबी, आणि α म्हणजे उष्णता धातूत किती झपाट्याने पसरते त्याचं माप. तांब्यासाठी ते सेकंदाला सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर धरू. u = X(x)T(t) असं मानलं की x चा भाग एका बाजूला आणि t चा दुसऱ्या बाजूला जातो. दोन्ही बाजू नेहमी सारख्या राहायच्या, तर त्या एकाच स्थिरांकाएवढ्या असल्या पाहिजेत. टोकाची अट X(0)T(t) = 0 अशी आहे. ती प्रत्येक क्षणी पाळायची तर X(0) शून्य हवं, आणि तसंच X(L) सुद्धा. या दोन अटींत फक्त sin(nπx/L) बसतात, आणि प्रत्येकाबरोबर काळाचा ओसरणारा गुणक येतो:

```
u = Σ b_n sin(nπx/L) exp(-α n²π² t/L²)
```

ही बेरीज करता येते, कारण प्रत्येक पद टोकाला शून्य आहे आणि कितीही शून्यं मिळवली तरी बेरीज शून्यच. सुरुवातीच्या ३०° ची साइन मालिका काढली की विषम n साठी b_n = 120/(nπ), सम n साठी शून्य. प्रश्न सुटला.

आता दुसरा. X(L)T(t) = 100 लिहून बघा. उजवी बाजू काळानुसार बदलत नाही, म्हणजे T(t) ला स्थिरच राहावं लागेल. मग तापमान बदलणार तरी कसं? बेरजेचंही तेच. उजव्या टोकाला १००° देणाऱ्या दोन उकली मिळवल्या, तर तिथे २००° येतात. चल वेगळे करण्याची सगळी मदार बेरजेवर आहे, आणि टोकावर शून्याखेरीज दुसरा आकडा आला की ती बेरीजच मोडते.

म्हणून आधी दुसरंच काहीतरी शोधायचं. खूप वेळाने सळई स्थिरावेल, तेव्हा तापमान किती असेल? काळानुसार बदल संपला की u_xx = 0 उरतं. त्याची उकल सरळ रेषा, आणि दोन्ही टोकांच्या अटींत बसणारी रेषा s = 100x/L. आता u = s + v असं लिहा. टोकांचे ० आणि १०० एकट्या s ने सांभाळले, त्यामुळे v ची दोन्ही टोकं शून्यावर आली. v हा अगदी पहिल्या प्रश्नाच्या जातीचा आहे. फरक एवढाच की त्याची सुरुवात ३०° ने होत नाही:

```
v(x,0) = 30 - 100x/L
b_n = (2/(nπ)) [30 + 70(-1)^n]
```

आकडे काढा: b_1 ≈ −25.46, b_2 ≈ 31.83, b_3 ≈ −8.49. दुसरं पद पहिल्यापेक्षा मोठं आहे, याकडे लक्ष असू द्या. मात्र घातांकात n² असल्याने दुसरं पद पहिल्याच्या चौपट वेगाने ओसरतं. L²/(π²α) इथे सुमारे २३० सेकंद येतो. तेवढ्या वेळात पहिलं पद ३७ टक्क्यांवर येतं, तर दुसरं २ टक्क्यांच्याही खाली.

याचा परिणाम डाव्या टोकापासून पाव लांबीवर, म्हणजे १२.५ सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो. तिथे सुरुवातीला ३०° आहेत आणि शेवटी २५° व्हायचे आहेत. वाटेल की ३० वरून हळूहळू २५ वर येईल. तसं होत नाही. बर्फाचं टोक जवळ असल्याने गारवा आधी पोचतो आणि उकळत्या टोकाची ऊब मागाहून. मिनिटभराने तिथे सुमारे २२° असतात, अडीच मिनिटांनी जेमतेम १८°, आणि तिथून तापमान पुन्हा चढत २५° कडे जातं. s आणि v वेगळे ठेवले की हे समजायला सोपं जातं: मुक्कामाचं ठिकाण s सांगतो आणि तिथवरचा प्रवास v सांगतो. मला हा प्रश्न आवडतो तो याच कारणाने.

चुका ओळखायच्या कशा? s पूर्ण विसरलात, तर उत्तरात t अनंताकडे नेल्यावर सगळीकडे शून्य येतं. ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, उकळत्या पाण्याचा त्यात पत्ताच नाही. याहून फसवी चूक अर्धवट असते: शेवटी s मिळवतात, पण b_n काढताना ३०° मधून s वजा करायला विसरतात. अशा उत्तराचा शेवट बरोबर येतो, म्हणून ते खरं वाटतं. त्यात t = 0 घाला. सळईच्या मध्यावर ३० ऐवजी ८०° येतील आणि उजव्या टोकाच्या अगदी जवळ १३०° च्या आसपास. आत उष्णता निर्माण होत नसेल, तर कुठलाही बिंदू सुरुवातीच्या आणि टोकांच्या तापमानांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. इथे तो आकडा १०० आहे. मी उत्तरपत्रिका तपासताना आधी हेच बघतो.

बरोबर उत्तरातही t = 0 ला, उजव्या टोकाजवळ, मोजकी पदं घेऊन आलेख काढला तर वळवळ दिसते. ती चूक नव्हे. v तिथे −७० कडे जातो आणि साइन मालिका टोकाला शून्यच देते, त्या उडीपाशी कितीही पदं घेतली तरी आलेख थोडा पुढे झेपावतो. घड्याळ चालू झालं की वरची पदं झपाट्याने विरतात; दोन मिनिटांनंतर पाव लांबीवरचं तापमान पहिल्या दोन पदांतून अंशाच्या दहाव्या भागापर्यंत नीट मिळतं.

वजाबाकीची ही युक्ती टोकांची तापमानं स्थिर असतील तेव्हाच एवढी सरळ चालते. उकळतं पाणी हळूहळू निवत गेलं, तर वजा करायची रेषाही काळानुसार बदलते आणि v च्या समीकरणात एक जादा पद येऊन बसतं. आणि टोक पाण्यात धरण्याऐवजी त्यालाही आवरण घातलं, तर अट तापमानावर राहत नाही, त्याच्या उतारावर जाते. दोन्ही टोकं तशी असतील, तर साइनच्या जागी कोसाइन येतात आणि एक स्थिर पद कायमचं उरतं: सळईचं सुरुवातीचं सरासरी तापमान.