क्रॅशिंगचं गणित : दुसरा मार्ग क्रिटिकल झाल्यावर काय करायचं?

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पेपरची तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी

नेटवर्कच्या प्रश्नात क्रिटिकल पाथ शोधणं बहुतेकांना जमतं. मार्क जातात ते पुढच्या भागात, प्रकल्पाचे दिवस कमी करताना. तपासायला येणाऱ्या वह्यांमध्ये एक चूक सतत दिसते : पहिला मार्ग कापत राहायचं आणि दुसरा मार्ग कधी क्रिटिकल झाला याकडे पाहायचंच नाही. म्हणून या पत्रकात एकच उदाहरण घेतलं आहे आणि ते शेवटपर्यंत सोडवलं आहे. हातात पेन घेऊन सोबत करत जा.

एका वर्कशॉपमध्ये नवी मशीन बसवायची आहे. शेड उभी राहिल्यावर मशीन बसवता येते, केबल टाकून झाली की पॅनेल जोडता येतं आणि हे दोन्ही पुरं झाल्यावरच चाचणी सुरू होते. शेड आणि केबल ही कामं पहिल्या दिवशी एकदमच सुरू होतात.

| काम | नॉर्मल दिवस | क्रॅश दिवस | नॉर्मल खर्च (₹) | क्रॅश खर्च (₹) |
|---|---|---|---|---|
| अ : शेड | 6 | 3 | 4,000 | 5,500 |
| ब : केबल | 5 | 3 | 3,000 | 4,200 |
| क : मशीन बसवणे | 8 | 6 | 5,000 | 6,600 |
| ड : पॅनेल | 7 | 5 | 4,000 | 5,800 |
| इ : चाचणी | 4 | 2 | 6,000 | 8,400 |

अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे भाडं, सुपरवायझरचा पगार वगैरे, रोज 1,300 रुपये.

आधी प्रत्येक कामाचा कॉस्ट स्लोप काढा. वाढलेल्या खर्चाला वाचलेल्या दिवसांनी भागलं की एक दिवस वाचवायला किती पैसे पडतात ते कळतं. शेडचे 1,500 भागिले 3, म्हणजे 500. तसंच केबलचे 600, मशीनचे 800, पॅनेलचे 900 आणि चाचणीचे 1,200. क्रॅश खर्चालाच दिवसांनी भागणारेही असतात. भागायचा असतो तो फरक, पूर्ण खर्च नव्हे.

आता मार्ग पाहू. अ-क-इ 18 दिवसांचा आहे, ब-ड-इ 16 दिवसांचा. म्हणजे प्रकल्प 18 दिवसांचा आणि केबल-पॅनेलच्या बाजूला 2 दिवसांचा फ्लोट. प्रत्यक्ष खर्च 22,000, अप्रत्यक्ष 23,400, एकूण 45,400.

क्रिटिकल मार्गावर सर्वात स्वस्त काम शेडचं आहे आणि त्यात 3 दिवस कापायला वाव आहे. इथेच थांबा. तीन कापता येतात म्हणून तीन कापायचे नसतात. दुसऱ्या मार्गाकडे फ्लोट फक्त 2 दिवसांचा आहे, म्हणून पहिल्या फेरीत कापायचे दोनच दिवस. खर्च 1,000 ने वाढतो, प्रकल्प 16 दिवसांवर येतो आणि एकूण खर्च 43,800 होतो.

या टप्प्यावर दोन्ही मार्ग 16 दिवसांचे आहेत, म्हणजे दोन्ही क्रिटिकल. इथून पुढे प्रकल्पाचा एक दिवस कमी करायचा तर दोन्ही मार्गांमधून एकेक दिवस निघायला हवा. त्यामुळे एकेका कामाची तुलना संपली. आता तुलना जोड्यांची. अ आणि ब मिळून 1,100, अ आणि ड 1,400, क आणि ब 1,400, क आणि ड 1,700. शिवाय चाचणी दोन्ही मार्गांवर असल्याने ती एकटीच 1,200 मध्ये दिवस वाचवते. दोन्ही मार्गांना सामाईक असलेलं काम जोडीसोबत तपासायचं पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, कारण त्याचा स्लोप एकटा पाहिला तर सर्वात महाग दिसतो.

यातली स्वस्त जोडी अ आणि ब. शेडमध्ये एकच दिवस उरला आहे, म्हणून एकच दिवस कापता येईल. प्रकल्प 15 दिवसांचा, एकूण खर्च 43,600. शेड आता क्रॅश मर्यादेवर, त्यामुळे अ असलेल्या जोड्या बाद. उरलेल्यांत चाचणीचे 1,200 सर्वात कमी, म्हणून तिथे दोन्ही दिवस कापा. प्रकल्प 13 दिवसांचा, एकूण खर्च 43,400.

पुढचा स्वस्त पर्याय क आणि ब, दिवसाला 1,400. एक दिवस कमी केल्याने वाचतात 1,300. म्हणजे इथून पुढे प्रत्येक दिवस तोट्याचा. इष्टतम कालावधी 13 दिवस, किमान एकूण खर्च 43,400. प्रश्नात ‘इष्टतम कालावधी’ विचारला असेल तर काम झालं, पण पुढची एक पायरी लिहून 12 दिवसांना 43,500 होतात हे दाखवा. खर्च वाढायला लागल्याचं दिसल्याशिवाय किमान सिद्ध होत नाही.

‘किमान कालावधी’ विचारला असेल तर थांबता येत नाही. क आणि ब एक दिवस, मग क आणि ड एक दिवस. प्रकल्प 11 दिवसांवर येतो आणि एकूण खर्च 43,900 होतो. इथे शेड, मशीन आणि चाचणी तिन्ही मर्यादेवर आहेत, म्हणून 11 च्या खाली जाणं शक्य नाही. पॅनेलचा एक दिवस अजून कापता येतो, पण त्याने प्रकल्प तसूभरही लवकर संपणार नाही. सगळीच कामं क्रॅश करून प्रत्यक्ष खर्च 30,500 लिहिणारे या दिवसाचे 900 रुपये फुकट घालवतात. खरा आकडा 29,600.

आता ती नेहमीची चूक आकड्यांत पाहा. पहिल्याच फेरीत शेडचे तीनही दिवस कापले आणि प्रकल्प 15 दिवसांचा लिहिला, मग चाचणीचे दोन कापून 13 लिहिले. एकूण खर्च येतो 42,800. कालावधी बरोबर उत्तराशी जुळतो, म्हणून विद्यार्थी निर्धास्त असतो. प्रत्यक्षात ब-ड-इ मार्ग मोजला तर 5 अधिक 7 अधिक 2, म्हणजे 14 दिवस. केबलच्या एका दिवसाचे 600 रुपये भरलेलेच नाहीत, आणि दोन्ही उत्तरांतला फरकही नेमका तेवढाच आहे.

हे पकडायचा उपाय साधा आहे. तक्त्यात प्रत्येक मार्गाला एक रकाना द्या आणि दर फेरीनंतर सगळ्यांची लांबी नव्याने लिहा. आपल्या उदाहरणात अ-क-इ 18, 16, 15, 13 असा उतरतो आणि ब-ड-इ 16, 16, 15, 13 असा. त्यातला सर्वात मोठा आकडा हाच प्रकल्पाचा कालावधी.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. ज्या नेटवर्कमध्ये दोन मार्गांना जोडणारं आडवं काम असतं, तिथे आधी कापलेलं एखादं काम पुढच्या फेरीत पुन्हा एका दिवसाने सैल केलं तर खर्च वाचू शकतो. तीन-चार मार्ग क्रिटिकल झाले की क्रॅश केलेल्या कामांवरून एकदा नजर फिरवा. एखाद्याला फ्लोट आलेला असेल तर त्याचा दिवस परत द्या आणि पैसे वजा करा.

वही तपासायला आणताना मार्गांचा तक्ता आणि प्रत्येक फेरीत विचारात घेतलेल्या जोड्या सोबत लिहिलेल्या असू द्यात. नुसतं शेवटचं उत्तर पाहून चूक कुठल्या फेरीत झाली हे आम्हाला सांगता येत नाही.