गाईच्या पोटातली पिशवी शेणातून का निघत नाही?

“गाय काहीही पचवते, खाल्लेली कॅरीबॅग शेणावाटे निघून जाते ना?”

नाही. कोटीपोटातला, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातला, कडबा रवंथाने आणि तिथल्या सूक्ष्मजीवांमुळे बारीक होतो आणि काही मिलिमीटरांचे कणच सहसा पुढच्या पोटात सरकतात. प्लॅस्टिक मात्र कुजत नाही, रवंथानेही बारीक होत नाही. त्यामुळे परभणीच्या मोंढ्यात शिळ्या भाकरीसकट गिळलेली गाठ मारलेली पिशवी तिथेच अडकते आणि पुढच्या पिशव्या व सुतळ्या तिच्यात गुंतून घट्ट गोळा तयार होतो.

गाईचा हा त्रास महिनोन्महिने चालू शकतो. कोटीपोटात चाऱ्याला जागा उरत नाही, रवंथ मंदावतो, डावी कूस वारंवार फुगते, आणि पोट मोठे दिसत असतानाच बरगड्या वर येतात. अशा उपाशी गाईला लोक धष्टपुष्ट किंवा गाभण समजतात, याचे मला फार वाईट वाटते. गोळा औषधाने विरघळत नाही. पशुवैद्यकाला डावी कूस व कोटीपोट उघडून तो हाताने काढावा लागतो, आणि गाय फार अशक्त झाली असेल तर ही शस्त्रक्रियाही तिला झेपत नाही.