जोडीदाराच्या जागी हाय प्रीस्टेस आली की मून: पोटात ठेवलेलं आणि धूसर असलेलं

नात्याच्या टॅरो रीडिंगमध्ये जोडीदारासाठी ठेवलेल्या जागी हाय प्रीस्टेसचं कार्ड उलगडलं की समोरच्या बाईचा चेहरा पडतो. "म्हणजे तो काहीतरी लपवतोय ना?" हा प्रश्न मी दादरच्या माझ्या छोट्या खोलीत इतक्या वेळा ऐकलाय की आता कार्ड सरळ करायच्या आधीच तो मला ऐकू येतो. मून आलं तरी प्रश्न हाच असतो. दोन्ही कार्डांवर चंद्र, दोन्हीत पाणी, दोन्हीत डावी-उजवीकडे दोन उभे खांब किंवा बुरूज. नव्याने शिकणारे दोन्हींचा अर्थ "गुपित" असा एका शब्दात लिहून ठेवतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. मराठीत पोटात ठेवणं वेगळं आणि काही नीट दिसतच नसणं वेगळं. या दोन कार्डांमधला फरक तोच आहे.

आधी चित्रं शेजारी शेजारी ठेवू. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात जो डेक असतो त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून काढली आणि तो 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाय प्रीस्टेस दोन नंबरची. एक काळा आणि एक पांढरा खांब, मधोमध ती शांत बसलेली, पायाशी चंद्रकोर. मांडीवर एक गुंडाळी आहे, तिच्यावर 'तोरा' हा शब्द लिहिलाय आणि तिचा थोडा भाग अंगावरच्या वस्त्राखाली गेलाय. मागे डाळिंबं काढलेला पडदा आहे. पडद्याच्या कडेने नीट पाहिलं तर पलीकडचं पाणी दिसतं, अगदी संथ.

मून अठरा नंबरचं. वर चंद्र, खाली एक कुत्रा आणि एक लांडगा तोंड वर करून उभे, पुढच्या डबक्यातून खेकड्यासारखा एक जीव बाहेर येतोय आणि दोन बुरुजांच्या मधून एक वाट लांब डोंगराकडे जाते. या चित्रात माणूस नाही. मला विचाराल तर अख्ख्या तुलनेतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. जोडीदाराच्या जागी आपण एका माणसाबद्दल विचारतो. हाय प्रीस्टेसमध्ये तिथे कोणीतरी बसलेलं आहे, गुंडाळी त्याच्या हातात आहे आणि तिच्यात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक आहे. मूनमध्ये त्या जागी कोणी नाही. आहे ती वाट, आवाज आणि अर्धवट उजेड. म्हणून मून आलं की मी आधी समोरच्या व्यक्तीला विचारते, "तू त्याला बघतेस की तुझ्या भीतीला?" कधी कधी धूसरपणा त्याच्याच मनात असतो, त्याचं त्यालाच कळलेलं नसतं. अशा वेळी त्याला "खरं काय ते सांग" म्हणून काही मिळत नाही, कारण सांगण्यासारखं पक्कं त्याच्याकडे काही नाही.

वेट यांनी दिलेले अर्थही हेच दाखवतात. हाय प्रीस्टेससाठी त्यांनी गुपितं, गूढ, अजून न उलगडलेलं भविष्य, मौन, शहाणपण असे शब्द दिलेत. मूनसाठी छुपे शत्रू, धोका, निंदा, अंधार, फसगत, चूक. पहिल्या यादीत फसवणूक नाही. त्यातला "अजून" हा शब्द मी शिकवताना फळ्यावर मोठा लिहिते. जे आहे ते सांगायची वेळ झालेली नाही, एवढंच हे कार्ड म्हणतं.

तो पडदा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अंतरपाट धरलेला असतो तेव्हा पलीकडे कोण आहे हे दोघांनाही माहीत असतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत कोणी वाकून बघत नाही, कोणी तो ओढून काढत नाही, आणि पलीकडचा आपल्याला फसवतोय असंही कुणाच्या मनात येत नाही. हाय प्रीस्टेसचा पडदा मी तसा वाचते. माणूस आतल्या गाठीचा आहे, भावना आहेत, पण त्या जपून ठेवल्यात.

या दोन कार्डांचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. वेट आणि स्मिथ दोघेही गूढविद्येच्या ज्या गोल्डन डॉन मंडळीत होते त्यांच्या पद्धतीत चंद्र हा ग्रह हाय प्रीस्टेसला दिलाय आणि मून कार्डाला मीन रास. नाव मूनचं, ग्रह मात्र दुसरीकडे! आपल्या ज्योतिषात चंद्र मनाचा कारक, त्यामुळे पत्रिका बघणारी मंडळी मून कार्डावर "त्याचं मन" वाचून मोकळी होतात. या पद्धतीने जायचं तर जोडीदाराचं मन हाय प्रीस्टेसच्या पडद्याआड शोधायला हवं.

माझ्या हातून झालेली चूक इथे सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या नवऱ्याच्या जागी हाय प्रीस्टेस आली आणि मी "दुसरी स्त्री असू शकते" असं म्हणाले. ते माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं, जुन्या अर्थांत त्याला धागा आहे. पुरुष विचारत असेल तर हे कार्ड म्हणजे त्याला आवडणारी स्त्री आणि स्त्री विचारत असेल तर ती स्वतः, असं वेट यांनी लिहिलंय. म्हणजे स्त्रीने विचारलं तर ती बाई तिसरी कोणी नाहीच. मी अर्धवट वाचलेलं अर्धवट वापरलं. त्या बाईंनी घरी जाऊन नवऱ्याचा फोन तपासला आणि पुढचे कित्येक महिने त्या घरात अबोला होता. फोनमध्ये निघाले ते एका डॉक्टरांशी चाललेले मेसेज. स्वतःच्या तपासण्यांचं त्याने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून या कार्डावरून तिसरी व्यक्ती मी कधीही वाचत नाही. कोणी खरंच चोरपावलांनी वागतंय हे दाखवायला सेव्हन ऑफ सोर्ड्स आहे. त्यातला माणूस पाच तलवारी उचलून मागे बघत सटकतोय, दोन मागे राहिल्यात. ताकास तूर लागू न देणारा तो. हाय प्रीस्टेस कुठेही पळत नाही, ती तुमच्यासमोर बसलेली आहे.

आता अलीकडचं एक रीडिंग पूर्ण मांडते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्या मुलीला विचारूनच लिहितेय. पार्ल्याची मुलगी, मुलगा मुलुंडचा. स्थळ म्हणून भेटले, पाच महिने दर रविवारी भेटत होते. कधी पार्ल्यात, कधी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. बोलणं भरपूर. पण त्याच्या घरचा विषय निघाला की "बघू आपण" एवढंच, आणि मग तो समोर खेळणाऱ्या मुलांकडे बघत बसायचा. पाच महिन्यांत त्याने तिला घरी एकदाही नेलं नव्हतं.

पाच कार्डं मांडली. तिच्या जागी नाईन ऑफ सोर्ड्स, रात्री बिछान्यात उठून बसलेली, तोंड ओंजळीत धरलेली व्यक्ती. त्याच्या जागी हाय प्रीस्टेस. दोघांमध्ये टू ऑफ कप्स. आड काय येतंय तिथे फाईव्ह ऑफ पेंटॅकल्स, बर्फातून जाणारी दोन गरीब माणसं, एकाच्या हातात कुबड्या, वर उजळलेली खिडकी. पुढच्या पावलाला पेज ऑफ कप्स, ज्याच्या पेल्यातून मासा डोकावतो.

हे एकेक करून वाचलं तर काही हाती लागत नाही. टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर पेले धरून उभी आहेत, म्हणजे भावना नाहीत असं म्हणायला जागा नाही. मग हाय प्रीस्टेस काय राखून आहे? त्याचं उत्तर तिच्यात नसतं, शेजाऱ्यांकडे बघावं लागतं. फाईव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये ओढाताण आहे, पैशाची किंवा तब्येतीची, आणि मदत मागायचा संकोच आहे. मी तिला एवढंच म्हणाले, "त्याच्या मनात तू आहेस. जे राखून ठेवलंय ते तुझ्याबद्दलचं दिसत नाही, घरच्या अडचणीचं दिसतं आणि त्याला त्याची लाज वाटत असावी. नेमकं काय ते या कार्डांवरून मी सांगणार नाही." कर्ज, आजार, वडिलांचं काही, असे अंदाज केले असते तर ती त्यातला एक धरून बसली असती.

याच मांडणीत हाय प्रीस्टेसच्या जागी मून असतं तर माझं वाचन तिच्याकडेच वळलं असतं. नाईन ऑफ सोर्ड्स आणि मून एकत्र म्हणजे रात्रीच्या विचारांनी माणसाचा आकार बदललाय. मी तिला त्याच्या वागण्यातली दिवसाउजेडी घडलेली चार उदाहरणं सांगायला लावली असती आणि त्यांत विसंगती आहे का ते पाहिलं असतं. मून खरं असेल तर तपशील हलतात, एक गोष्ट तीनदा विचारली की तीन उत्तरं येतात. हाय प्रीस्टेसच्या माणसाचं उत्तर थोडकं असतं पण बदलत नाही, आणि तो एकाच ठरावीक विषयापाशी थांबतो. या मुलीने सांगितलेलं तसंच होतं. "बघू आपण", दर वेळी तेच, फक्त घरच्याच विषयावर.

कार्ड उलटं आलं असतं तर मी जरा वेगळं बोलले असते. उलट्या हाय प्रीस्टेसला वेट यांनी उत्कटता आणि वरवरचं ज्ञान असे अर्थ दिलेत. बोलणं बाहेर पडतंय, पण आतलं अजून नाही, असं मी ते वाचते.

अशा वेळी आणखी कार्डं ओढायचा मोह फार होतो. हाय प्रीस्टेसवर मी एकच क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशासाठीचं जादा कार्ड, काढते आणि तेही "तो काय लपवतोय" यावर नाही. प्रश्न असा ठेवते: त्याला बोलणं सोपं कशाने जाईल? तिच्यासाठी टेंपरन्स आलं, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणारा देवदूत. थोडं थोडं, न सांडता. मी सुचवलं की त्याला विचारण्याऐवजी पुढच्या रविवारी तिने स्वतःच्या घरातली एखादी न बोललेली गोष्ट आधी सांगावी.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. तिने आपल्या भावाच्या अर्धवट सुटलेल्या शिक्षणाबद्दल सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आमच्या घराचे हप्ते थकलेत." बाकीचं पुढच्या वेळी सांगतो म्हणाला. तिला लगेच त्या "बाकीच्या"साठी पुन्हा कार्डं काढून हवी होती. मी नाही काढली. पेज ऑफ कप्स अजून टेबलावर आहे असं समज, म्हणाले, आणि आधी तो रविवार होऊ दे.